पार्लरचा विमा आणि कानामागचा ठिपका

नागपूरच्या मानेवाड्यात पार्लरसाठी दहा बाय बाराचा गाळा घेतला तेव्हा वाटलं होतं, सगळ्यात जास्त चकरा गुमास्त्यासाठी मारायच्या. पण तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असले की 2017च्या कायद्यानुसार नोंदणी लागत नव्हती, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची होती. आम्ही दोघीच. पावती आली. मात्र ती म्हणजे महापालिकेचा परवाना नव्हे, त्याची चौकशी झोन ऑफिसात वेगळी.

अडकले विम्यात. सप्टेंबर 2023मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा मावसबहिणीच्या दुकानात गुडघाभर चिखल होता, म्हणून मी आधी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी मागितली. खुर्च्या, स्टीमर, माल. आग, पूर सगळं त्यात. मग सहज विचारलं, "डाय लावून कुणाचा चेहरा सुजला तर?"

"ते नाही येत ना ताई," एजंट म्हणाले. "ग्राहक फरशीवर घसरली तर पब्लिक लायबिलिटी. तुमच्या हातच्या कामानं इजा झाली तर त्याचं कव्हर आणखी वेगळं."

त्या वेगळ्या कव्हरच्या फॉर्मवर काम करणाऱ्या प्रत्येकीचं प्रमाणपत्र मागितलं होतं. माझ्याकडे क्लासचं होतं, सोनेरी बॉर्डरचं. त्यावर ना नंबर, ना क्यूआर कोड. पडताळणार कसं? शेवटी अनुभवावर मिळणारं, आरपीएलचं सरकारी प्रमाणपत्र काढायला बसले.

प्रात्यक्षिकात परीक्षक बाईंनी कंगवा पुढे केला, "स्वच्छ कर." मी यूव्ही पेटीकडे हात नेला. त्या हसल्याच. उजेड जिथे पडतो तेवढंच ती पेटी करते. दातांमधल्या केसांखाली, कात्रीच्या मिटलेल्या पात्यात काही नाही. आधी केस काढून साबणानं धुवायचं, कारण मळ असला की औषध वाया जातं. मग 5 टक्क्यांचं हायपोक्लोराइट एक वाटी, पाणी चार वाट्या, म्हणजे 1 टक्का झालं. त्यात कंगवे बुडवून ठेवायचे आणि नंतर धुवायचे. द्रावण रोज ताजं. कात्री त्यात टाकली की गंजते, तिला 70 टक्के अल्कोहोल. यूव्ही पेटी फक्त स्वच्छ झालेलं ठेवायला. माझे साडेतीन हजार तिच्यात गेले होते, बाप्पा!

विम्याची अट डायची होती: आधी पॅच टेस्ट आणि तिची नोंद. कानामागे छोटा ठिपका, 48 तास थांबायचं. खाज, लाली, सूज आली तर डाय नाही. रजिस्टरात तारीख, डायचं नाव, शेड, बॅच नंबर, ग्राहकाची सही. नोंद नसली तर दावा करताना दाखवणार काय?

पहिल्याच आठवड्यात घरमालकीण काकू आल्या. उद्या भाचीचं लग्न, आत्ताच काळा डाय हवा.

"काकू, ठिपका लावते, परवा या."

"वीस वर्षं लावतेय मी, मला काऊन होईल?"

वीस वर्षं काही झालं नाही तरी एकविसाव्या वर्षी ॲलर्जी येऊ शकते, हे मी समजावलं. काकूंनी चष्मा लावून रजिस्टर वाचलं, सही केली नाही, आणि समोरच्या पार्लरात गेल्या.