शंभरावं बिल

गणेश चवथ आठ दिवसांवर आली होती आणि आमच्या हिशेबाच्या ॲपमध्ये एक विचित्र गोष्ट दिसत होती. साध्या प्लॅनवरची बरीच दुकानं वीस तारखेच्या आसपास बरोबर १०० बिलांवर थांबत होती. तेही ऐन बाजारात.

हा १०० चा आकडा आम्हीच पणजीच्या ऑफिसात बसून ठरवला होता. प्लॅन तीन: साधा वर्षाला १२०० रुपये, मधला २४००, मोठा ६०००. साध्यात महिन्याला १०० बिलं. ती संपली की दुकानदार मधला घेईल, असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात फारसं कोणी वर सरकलंच नाही.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो. एका किराणा दुकानात फोनशेजारीच लाल वही उघडी होती. "ही शंभरानंतरची," शेट म्हणाले. तेवढ्यात एक बाई उधारी चुकवायला आल्या. फोनवर ६४० होते, वहीत ३१०. शेटनी कागदाच्या कपट्यावर बेरीज केली आणि माझ्याकडे पाहिलं. "वर्षाला बाराशे, महिन्याला शंभर बिलं. म्हणजे बिलामागं रुपया. उधारीवर दिलेल्या पावांत मला सुटतं किती, सांगा?"

उधारीचा हिशेब अर्धा इकडे, अर्धा तिकडे. म्हणजे ज्यासाठी ॲप घेतलं तेच आमच्या मर्यादेनं मोडलं होतं.

मधल्या प्लॅनचं आमचं मोठं आकर्षण जीएसटीआर-१ चं, म्हणजे जीएसटीसाठी भरायच्या विक्रीच्या विवरणपत्राचं. शेट कंपोझिशनवाले, म्हणजे एकूण विक्रीवर ठरावीक टक्के कर भरणारे छोटे दुकानदार, त्यांना ते भरायचंच नसतं. दर तिमाहीला कर भरायच्या सीएमपी-०८ फॉर्मसाठी विक्रीचा एकूण आकडा मिळाला की झालं. मग पैसे मोजावेत असं त्यांना काय हवं होतं? दुपारी ते जेवायला घरी जातात, गल्ल्यावर त्यांची बायको बसते. "हिच्या फोनवर पण चालेल?" चालायचं, पण ६००० च्या प्लॅनमध्ये.

आम्ही कुंपणंच हलवली. बिलांची मर्यादा काढली, उधारी आणि तिमाहीचा आकडा सगळ्यांना दिला. साध्यात फोन एक. मधल्यात तीन फोन, शिवाय रेग्युलर जीएसटीवाल्यांसाठी जीएसटीआर-१. मोठ्यात दुसरं दुकान आणि गोदामाचा साठा. धंदा वाढला की माणसं आणि जागा वाढतात, तिथे जास्त पैसे मागितलेले पटतात. बिलं मोजली की दुकानदार बिलंच करायची थांबवतो.

याची किंमतही मोजली. केवळ दुसऱ्या फोनसाठी ६००० भरणारे काही जण होते, ते २४०० वर उतरणार हे उघड होतं. माझा भागीदार म्हणाला, त्यांना आपणहून कशाला सांगायचं? आमची बरीच वादावादी झाली. शेवटी सांगितलं.

शेटनी मधला घेतला. पैसे देताना मात्र विचारलं, "जुन्याचे चार महिने उरलेत, त्याचे चारशे वजा करणार ना?" ॲपमध्ये तशी सोयच नव्हती. त्या दिवशी मी २००० रोख घेतले आणि पावती हातानं लिहून दिली.