होसूरवाले म्हणाले, असा माणूसच आमच्याकडे नव्हता

आमच्याकडून रिझाइन करून गेलेल्या एका इंजिनीअरचा दुपारी फोन आला, आवाज पार उतरलेला. नवीन कंपनीत जॉइन होऊन महिनाही झाला नव्हता आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा रिपोर्ट रेड आला होता. कारण काय, तर होसूरच्या कंपनीत काम केलं असं हा म्हणतो पण तिथले एचआरवाले म्हणतात या नावाचं कुणी आमच्या रोलवर कधी नव्हतंच. "मॅडम, तुम्हीच पाठवलं होतं ना मला तिकडे," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत एचआरला आहे आणि होसूरची ती आमचीच ग्रुप कंपनी. गंमत नाही सांगत, पण खोटं कुणीच बोलत नव्हतं. याला ऑगस्ट 2021 ते ऑक्टोबर 2022 डेप्युटेशनवर पाठवलं होतं, म्हणजे बसायचा तिकडे, काम तिकडचं, पण पगार आमचा, पीएफ आमच्या कोडवर, फॉर्म 16 सुद्धा आमचाच. होसूरच्या पेरोलमध्ये नाव शोधलं तर सापडणार कुठून?

त्याचा रेझ्युमे मागवून घेतला. त्यात होसूरची कंपनी वेगळा एम्प्लॉयर म्हणून टाकलेली, वर तारखा, खाली डेसिग्नेशन. व्हेरिफिकेशन करणाऱ्या एजन्सीच्या पोराने ते बघून सरळ तिकडे मेल टाकला, त्याचंही काही चुकलं नाही. आणि आमच्या रिलीव्हिंग लेटरमध्ये सिस्टीममधून येतं तसं फक्त जुलै 2015 ते मे 2024 आणि शेवटचं डेसिग्नेशन, डेप्युटी मॅनेजर प्रोजेक्ट्स. मधली नऊ वर्षं कुठे गेली याचा पत्ताच नाही. मला या एकओळी लेटरचा मनापासून राग येतो, माणसाने तीन-चार खाती पालथी घातलेली असतात.

मग त्याची पर्सनल फाइल काढली. क्वालिटीत जॉइन, एप्रिल 2018 ला सप्लायर क्वालिटीत इंटर्नल ट्रान्सफर, मग होसूर, मग परत येऊन प्रोजेक्ट्स. डेप्युटेशन लेटर फाइलला होतं हे नशीब, कारण त्यात स्पष्ट लिहिलेलं की नोकरी मूळ कंपनीचीच राहील, सर्व्हिस खंडित होणार नाही, रोजचं काम होसूरचे प्लँट हेड देतील. त्याला सांगितलं पीएफचं पासबुक आणि सर्व्हिस हिस्टरी डाउनलोड कर, त्यात जुलै 2015 पासून एकच एस्टॅब्लिशमेंट दिसते, म्हणजे मधे नोकरी बदललीच नव्हती याचा पुरावा तोच. ही ट्रान्सफर असती, म्हणजे ग्रुप कंपनीच्या पेरोलवरच गेला असता, तर त्याच यूएएनखाली नवीन मेंबर आयडी दिसला असता आणि मग होसूरचंच लेटर लागलं असतं. आपलं नक्की काय झालं होतं हे कळत नसेल तर त्या काळातल्या सॅलरी स्लिपवर वर कुणाचं नाव आहे ते बघायचं.

नवीन सर्व्हिस लेटर मी स्वतः लिहायला घेतलं. सुरुवातीला एक वाक्य, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सलग आमच्या नोकरीत. खाली प्रत्येक पोस्टिंग वेगळं, तारखा, खातं, डेसिग्नेशन, कामाच्या दोन ओळी. होसूरच्या ओळीत "डेप्युटेशनवर, कामाचं ठिकाण होसूर, पेरोल चाकण" असं लिहिलं, कंपनीचं नाव लपवायचं काही कारण नव्हतं.

अडलं ते प्रोजेक्ट्सवर. तिथे मॅट्रिक्स होतं, म्हणजे साहेब दोन, सॉलिड लाइन म्हणजे मुख्य रिपोर्टिंग आमच्या प्रोजेक्ट हेडला आणि डॉटेड लाइन म्हणजे कामापुरतं रिपोर्टिंग जर्मनीतल्या प्रोग्रॅम मॅनेजरला. याने रेझ्युमेत रिपोर्टिंग मॅनेजर म्हणून जर्मन माणूस टाकलेला, कारण खरंच रोजचे कॉल त्याच्याशीच असायचे, पण सिस्टीममध्ये अप्रेझल आणि रजा मंजूर करणारं नाव प्रोजेक्ट हेडचं. व्हेरिफिकेशनला तेच नाव जुळायला लागतं. म्हणून लेटरमध्ये रिपोर्टिंग प्रोजेक्ट हेडला आणि प्रोग्रॅमच्या कामासाठी फंक्शनल रिपोर्टिंग जर्मनीच्या टीमला, असं दोन्ही लिहिलं. बारा जणांची टीम सांभाळली असंही त्याने लिहिलेलं, त्यातले तीनच त्याच्या रोलवर, बाकीचे प्रॉडक्शन, परचेस, टूलिंगचे, त्यांचं अप्रेझल त्यांच्या त्यांच्या खात्यात. मी त्याला म्हटलं, "अरे तीन डायरेक्ट रिपोर्टी आणि नऊ जणांच्या क्रॉस-फंक्शनल टीमचं कोऑर्डिनेशन, असंच लिही, ते कमी वाटत नाही." जो माणूस अप्रेझल न करता दुसऱ्या खात्याच्या नऊ जणांकडून वेळेत काम काढून घेतो त्याचं काम मला तरी जास्त अवघड वाटतं.

होसूरच्या एचआरला पण फोन केला. त्यांच्याकडे पेरोल नसला तरी गेट पास आणि त्यांच्या ईआरपीचा लॉगिन होता, शिवाय त्याचा खर्च आम्ही त्यांना दर महिन्याला डेबिट नोटने लावायचो, त्या निघाल्या. तिकडच्या प्लँट हेडने चार ओळींचा मेल केला की हो, याने आमच्याकडे डेप्युटेशनवर काम केलंय. सगळं संध्याकाळी एजन्सीला गेलं आणि दोन दिवसांनी रिपोर्ट ग्रीन झाला.

आता रिझाइन केलेला कुणी आला की मी आधी विचारते, मधे कुठे डेप्युटेशनला होतास का, आणि ते लेटर ऑफिसचा मेल बंद व्हायच्या आत पर्सनल मेलवर पाठवायला लावते.