वेळ लावून लेखन: शेवटची चार मिनिटं आणि लोंबकळणारी वाक्यं

लातूरच्या आमच्या छोट्या गटाची पद्धत जुन्या मंडळींना माहीत आहेच. चिठ्ठी उचलायची, मोबाइलवर वीस मिनिटं लावायची आणि पेनानं कागदावर लिहायचं. खाडाखोड चालते, नवा कागद मिळत नाही. या वेळची नोंद लिहिण्याबद्दल नाही, शेवटी तपासायला ठेवलेल्या चार मिनिटांबद्दल आहे. गेल्या काही बैठकांत आम्ही फक्त दोनच दोष धरायचे ठरवलं: अर्धवट सुटलेलं वाक्य आणि लांबण लागलेलं वाक्य.

आधी आम्ही लिहिलेलं मोठ्यानं वाचून तपासत होतो. त्यानं लांबण सापडते, कारण दम संपतो. अर्धवट वाक्य मात्र सापडत नाही. मध्ये पूर्णविराम असला तरी वाचणारा आवाज चढा ठेवून पुढच्या वाक्याला जोडून टाकतो आणि कानाला सगळं ठीकच वाटतं. शिवाय आपल्याकडची सांगण्याची रीतच अशी, ‘आन् मंग’ करत गोष्ट मारुतीच्या पारापासून बाजारापर्यंत एका दमात जाते. ऐकताना त्यात काही खटकत नाही. कागदावर तेच वाचताना कोणत्या कारणाचा कोणता परिणाम, हे कळेनासं होतं.

एका मैत्रिणीचा उतारा तिच्या परवानगीनं जसाच्या तसा देतो. चिठ्ठीवर विषय होता, ‘रेल्वेनं आलेलं पाणी’.

‘२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी लातूरला आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी असल्यामुळे. आम्ही तेव्हा भाड्याच्या घरात राहत होतो, टँकर आठवड्यातून एकदा यायचा, आई रांग लावायची आणि मी शाळेतून येऊन घागरी मोजायचे आणि नळ तर कोरडाच होता, शेजारच्या आजी रात्री उठून बसायच्या कारण टँकर कधी येईल सांगता येत नव्हतं म्हणून आईनं ड्रम घेतला. जो अजून अंगणात आहे. पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवताना.’

आता तपासणी. पहिली फेरी खालून वर. शेवटच्या पूर्णविरामावर बोट ठेवायचं, त्याच्या आधीचा शब्द पाहायचा, मग वरच्या पूर्णविरामावर जायचं. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या टोकाला येतं, त्यामुळे पूर्णविरामाआधीचा एक शब्द बरंच सांगून जातो. खालून वर अशासाठी की वरून वाचलं तर मागच्या वाक्याचा अर्थ डोक्यात असतो आणि मेंदू तुटलेला भाग आपणच भरून घेतो. इथे खालून पहिलाच शब्द लागतो ‘ठेवताना’. वर गेलं की ‘असल्यामुळे’. दोन्ही धरले गेले.

पण क्रियापद नसलेलं प्रत्येक वाक्य अर्धवट नसतं. ‘नळ कोरडा.’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. ‘टँकर कधी? उद्या.’ हेही चालतं. मग फरक ओळखायचा कसा? शेवटी ‘आहे’ किंवा ‘होता’ जोडून बघायचं. ‘नळ कोरडा होता’ जमतं. ‘वाघिणी असल्यामुळे होता’ किंवा ‘झाकून ठेवताना होतं’ जमत नाही, म्हणजे तिथे वाक्य खरंच तुटलंय. ही कसोटी ‘-ऊन’वर कधी कधी फसते, कारण ‘मांजर टपून आहे’ हे बरोबरच आहे. ‘-मुळे’ आणि ‘-साठी’वरही फसू शकते, ‘हा ड्रम पाण्यासाठी आहे’ हेही बरोबरच आहे. ‘-ताना’वर मात्र मला ती भरवशाची वाटते.

‘असल्यामुळे’ तिथे कसं आलं, हे मैत्रिणीला विचारलं. तिला म्हणायचं होतं की वाघिणी दहाच होत्या, एकेकीत साधारण ५०,००० लिटर, म्हणून सगळं मिळून पाणी पाच लाख लिटरच्या आसपासच आलं. ‘असल्यामुळे’ लिहून होईपर्यंत डोकं घरातल्या टँकरपाशी पोचलं आणि हातानं पूर्णविराम देऊन टाकला. वेळ लावून लिहिताना सुटलेली बहुतेक वाक्यं मला अशीच दिसतात: कारण लिहिलेलं असतं, परिणाम डोक्यातच राहतो. म्हणून दुरुस्तीला दोन वाटा. वेळ असेल तर परिणाम लिहा. नसेल तर ‘असल्यामुळे’ खोडून ‘होत्या’ करा. एक शब्द बदलला की वाक्य उभं राहतं, थोडं सपाट झालं तरी. शेवटच्या ‘ठेवताना’साठी मी तर सरळ आडवी रेघ मारीन. ते घंटा वाजल्यावर हातातून सांडलेलं वाक्य आहे, त्याला वाचवण्यात अर्धा मिनिट घालवू नये.

‘जो अजून अंगणात आहे’ मात्र या फेरीतून निसटलं, कारण त्याच्या टोकाला क्रियापद आहे. त्यासाठी दुसरी फेरी: प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द. ‘जो, जी, जे, ज्यामुळे, जेव्हा, जर’ दिसला की त्याच वाक्यात ‘तो, ती, ते, त्यामुळे, तेव्हा, तर’ आहे का ते शोधायचं. जोडीदार गुप्त असेल आणि अर्थ लागत असेल तर सोडून द्या. इथे जोडीदार मागच्या वाक्यातला ‘ड्रम’ आहे. ‘जो’चा ‘तो’ केला की काम झालं. ‘कारण’नं सुरू होणाऱ्या वाक्यांवर आमच्यात वाद आहे. वर्तमानपत्रांत ती सर्रास असतात. मी मागचं वाक्य लांब असेल तर ठेवतो, परीक्षेच्या उत्तरात मात्र मागच्याला जोडून टाका असं सांगतो.

तिसरी फेरी लांबणीची, आणि ती सगळ्या कागदावर नको. तीन ओळींहून लांब वाक्य असेल तिथेच थांबायचं आणि काळ दाखवणाऱ्या प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलनं टिंब द्यायचं. ‘येऊन’, ‘उठून’ यांना टिंब नाही, ती वाक्य संपवत नाहीत. वरच्या वाक्यात टिंबं पडतात नऊ: राहत होतो, यायचा, लावायची, मोजायचे, होता, बसायच्या, येईल, येत नव्हतं, घेतला. दोन-तीन टिंबं स्वल्पविरामानं निभतात. ‘नळ कोरडाच होता, टँकर आठवड्यातून एकदा यायचा’ याला मी हात लावणार नाही. नऊ म्हणजे तोडायलाच हवं.

तोडताना टिंबांच्या शेजारचे स्वल्पविराम पूर्णविराम करायचे आणि नकोसा ‘आणि’ खोडायचा. देवनागरीत मोठं अक्षर नाही, त्यामुळे पुढचा शब्द बदलावा लागत नाही. हे पेननं लिहिणाऱ्याचं सुख. मेजर कँडी यांनी इंग्रजीतून विरामचिन्हं आणली, मोठी अक्षरं काही आणता आली नाहीत. तोटा असा की वाक्य कुठे सुरू झालं ते नजरेला लगेच दिसत नाही, म्हणून टिंब ठळक काढा.

खरी अडचण मात्र ‘कारण’ आणि ‘म्हणून’ या जोडीची. ‘टँकर कधी येईल सांगता येत नव्हतं’ हे कशाचं कारण? आजी उठून बसायच्या त्याचं, की आईनं ड्रम घेतला त्याचं? दोन्ही बाजूंनी एकच वाक्य ओढलं जातंय. इथे नुसता पूर्णविराम पुरत नाही, लेखकाला निवडावं लागतं. मैत्रिणीनं ‘म्हणून’ खोडला आणि ‘येत नव्हतं’नंतर पूर्णविराम दिला. मग झालं असं: ‘शेजारच्या आजी रात्री उठून बसायच्या कारण टँकर कधी येईल सांगता येत नव्हतं. आईनं ड्रम घेतला. तो अजून अंगणात आहे.’ एकाच वाक्यात ‘कारण’ आणि ‘म्हणून’ दोन्ही दिसले की थांबायचं, हा नियम आता आमच्या तपासणीच्या कागदावर सगळ्यात वर आहे.

चार मिनिटांत एका पानाच्या तिन्ही फेऱ्या होतात. दोन पानं असतील तर दुसरी फेरी मी वगळतो, कारण तिथे सगळ्यात कमी सापडतं. पुढच्या बैठकीला ‘-ऊन’वाली वाक्यं धरणार आहोत, जिथे अर्ध्या वाक्याचा कर्ता एक आणि शेवटच्या क्रियापदाचा दुसराच निघतो. ‘पाणी भरून टँकर निघून गेला’ यात पाणी भरलं कुणी, आपण की टँकरवाल्यानं? कुणाकडे असे नमुने असतील तर आणा.