दाराला फळ्या लावल्या, पाणी मोरीतून आलं

पूर आल्यावर घरात पाणी शिरू नये म्हणून दाराला बसवायच्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या विकायच्या, एवढ्याच कल्पनेवर मी कामाला सुरुवात केली होती. चौकटीच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या उभ्या खाचा, त्यात वरून सरकवायच्या आडव्या फळ्या आणि फटींमध्ये रबर. बांधकामाच्या कामात बरीच वर्षं घालवल्यामुळे बसवणं अवघड जाणार नाही याची खात्री होती. ते अवघड गेलंही नाही. पण पहिल्याच पावसाळ्यात पहिल्या घरात गुडघ्याखालपर्यंत पाणी झालं आणि दारातली फळी मात्र जागची हलली नव्हती.

त्या घरातल्या काकूंनी मला नहाणीघरात नेऊन मोरीची जाळी दाखवली. "इथून उसळत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दार बंद केलंत, पण हे कुणी बंद करायचं?" रस्त्याखालची गटारवाहिनी भरून वाहायला लागली की पाणी उलटं फिरतं आणि सगळ्यात खाली असलेलं तोंड शोधतं. त्या घराची फरशी रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणापेक्षा 20 सेंटिमीटर खाली होती. म्हणजे रस्त्यावर झाकणातून पाणी वर यायच्या आधीच ते त्यांच्या मोरीतून येणार, हे ठरलेलंच होतं. मी मोजलं नव्हतं, एवढंच.

त्यानंतर मी सहा महिने नवीन फळी विकली नाही. एका जुन्या प्लंबरदादांना सोबत घेतलं आणि फक्त घरं तपासायला शिकलो. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घ्यायची, एक टोक चेंबरच्या झाकणापाशी आणि दुसरं मोरीपाशी धरायचं. दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला राहतं, त्यामुळे फरक पट्टीने मोजता येतो. मग मागच्या पुराची खूण भिंतीवर शोधायची. पाणी आत येण्याच्या सगळ्या वाटा लिहून काढायच्या: दार, मोरी, संडास, वायरींसाठी पाडलेली भोकं, जमिनीलगतची खिडकी. हा तपास हेच खरं काम आहे आणि त्याचे पैसे वेगळे घ्यायचे, हे मी तेव्हा ठरवलं. तपास फुकट केला की माणूस नकळत आपल्याच मालाची गरज शोधत राहतो.

उलट्या पाण्याला उत्तर म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व. सांडपाण्याच्या मुख्य पाइपवर बसवायचा. आतली झडप पाणी बाहेर जाताना उघडते आणि उलटं आलं की मिटते. ऐकायला सोपं वाटतं, पण इथेच माझी दुसरी मोठी चूक होता होता राहिली. एका घरी व्हॉल्वची जागा आखून झाली होती, तेवढ्यात दादांनी विचारलं, "गच्चीचं पाणी कुठे जातं?" पाहिलं तर गच्चीचा पाइप व्हॉल्वच्या आतल्या बाजूला त्याच वाहिनीला जोडलेला. गच्ची 80 चौरस मीटर. तासात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर तिच्यावर 4,000 लिटर पाणी पडतं. बाहेर गटार तुंबलेलं, झडप मिटलेली. मग हे चार हजार लिटर मोरीतून घरातच येणार. व्हॉल्व बसवून आम्ही त्या घराला स्वतःच्याच पावसात बुडवलं असतं. आता गच्चीचा पाइप वेगळा करून बाहेर काढल्याशिवाय आम्ही व्हॉल्वला हात लावत नाही. झडप मिटलेली असताना घरातलं सांडपाणीही बाहेर जात नाही, म्हणून त्या वेळात अंघोळ, कपडे धुणं, संडास फ्लश करणं बंद ठेवायचं, हे घरातल्या प्रत्येकाला समोर बसवून सांगतो.

दाराच्या फळीचा हिशेबही मला तेव्हाच नीट उमगला. दार 1.2 मीटर रुंद आणि बाहेर पाणी 45 सेंटिमीटर असेल, तर फळ्यांवर सुमारे 120 किलो वजनाइतका दाब येतो. तेच पाणी 90 सेंटिमीटर झालं की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. जवळजवळ 490 किलो. फळी तो सोसेलही, पण तेवढाच दाब शेजारच्या भिंतीवरही असतो आणि वीटकामाची भिंत असा आडवा दाब सोसायला बांधलेली नसते. म्हणून 60 सेंटिमीटरच्या वर पाणी अडवायचं नाही, अशी मर्यादा मी घातली. त्यापुढे पाणी आत येऊ द्यावं, भिंत कोसळण्यापेक्षा ओलं घर परवडतं. कंबरेच्या वर पाणी येणाऱ्या एका वस्तीतली बरीच कामं मी या कारणाने नाकारली. तिथे विजेचे बोर्ड वर घेणं आणि वेळेत बाहेर पडणं, एवढाच सल्ला प्रामाणिक होता. ती कामं सोडताना जीव तुटला.

फळी बसवून झाली की आम्ही चाचणी घेतो. दाराबाहेर विटा आणि जाड प्लास्टिकचा तात्पुरता हौद करायचा, ठरलेल्या उंचीपर्यंत पाणी भरायचं आणि आत झिरपणारं पाणी बादलीत मोजायचं. गळती बहुतेक वेळा उंबरठ्यापाशीच असते, कारण दगड किंवा फरशी डोळ्यांना सपाट दिसली तरी सपाट नसते. एका दुकानात मिनिटाला 10 लिटर पाणी येत होतं. थोडं वाटतं, पण 20 चौरस मीटरच्या खोलीत ते तासाला 3 सेंटिमीटर चढतं. उंबरठा घासून सपाट केल्यावर गळती मिनिटाला एका लिटरवर आली. उरलेल्या पाण्यासाठी आत छोटा खड्डा आणि बॅटरीवर चालणारा पंप. पुरात वीज आधी जाते, त्यामुळे घरच्या विजेवरचा पंप नेमका हवा तेव्हा बंद पडतो. पंपाची नळी फळीच्या वरून बाहेर काढायची आणि तिचं तोंड पुराच्या पाण्यात बुडू द्यायचं नाही, नाहीतर पंप थांबताच बाहेरचं पाणी नळीतून परत आत ओढलं जातं.

धंदा म्हणून मात्र हे सगळं वर्षातून एकदाच हवं असतं, आणि दोन कोरडी वर्षं गेली की लोक फळ्या माळ्यावर टाकून विसरतात. त्यामुळे आमचं पोट आता वार्षिक देखभालीवर आहे. पावसाळ्याआधी घरोघरी जायचं, रबर कडक झालं असेल तर बदलायचं, खाचांमधली माती काढायची, व्हॉल्वचं झाकण उघडून झडप हाताने हलवून पाहायची. उन्हाळ्याच्या मोकळ्या महिन्यांत तीच माणसं गच्च्यांना ऊन परतवणारा पांढरा लेप देतात. लेपाला कोरडी गच्ची लागते, म्हणून पाऊस जवळ आला की ते काम आपोआप थांबतं आणि व्हॉल्वची फेरी सुरू होते.

या वर्षीच्या फेरीत काकूंच्याच घरातला व्हॉल्व उघडला, तर झडपेत फरशी पुसायच्या फडक्याचा तुकडा अडकलेला होता. झडप बोटभर उघडी राहत होती. घरात काहीच जाणवत नव्हतं, पाणी नेहमीसारखं बाहेर जात होतं. दादांनी तुकडा काढला, झडप धुतली, बाहेरच्या बाजूने पाणी सोडून ती घट्ट मिटते का ते पाहिलं. काकूंनी मोरीपाशी बसून जाळीवर हात ठेवला आणि हात कोरडा राहिल्यावरच आम्हाला झाकण लावू दिलं.