भांगातली पांढरी रेघ आणि एका दिवसाचा रंग

“परवा अचानक समारंभ ठरलाय आणि भांगात पांढरी रेघ चमकतेय. स्प्रे मारू की पावडर लावू? आणि धुतल्यावर सगळं निघून जातं ना?”

भांगासाठी पावडर, कानशिलांसाठी स्प्रे, आणि हो, दोन्ही शाम्पूने निघतात. पण भांगासाठी पावडरच का, ते समजलं तर बाकीच्या बहुतेक चुका टळतात.

हा रंग केसाच्या आत शिरत नाही. कायमच्या रंगात रसायनं केसाच्या आत जाऊन तिथे रंग तयार करतात. इथे रंगद्रव्याचे बारीक कण केसावर नुसते चिकटून बसतात. स्प्रेमध्ये त्यांना धरून ठेवणारा पातळ थर असतो, पावडरीत तोही फारसा नसतो. म्हणून पांढरा केस झाकला जातो, पण गडद केस यांनी उजळत नाही. आणि हे कण केस आणि त्वचा यांत भेद करत नाहीत. भांगात स्प्रे मारला की केसांआधी टाळूच रंगते आणि डोक्यावर मार्करने ओढल्यासारखी काळी रेघ उमटते.

माझ्या मावसबहिणीचं नेमकं हेच झालं होतं. महिन्याभरापूर्वी रंगवलेल्या केसांची मुळं साधारण सेंटीमीटरभर वर आली होती आणि निघायला अर्धा तास उरला होता. तिने डबी अगदी जवळ धरून भांगावर सरळ फवारा मारला. टाळू रंगली आणि तिथले केस ओले होऊन गुठळ्यांसारखे चिकटले. ओल्या कापसाने पुसायला गेल्यावर रंग कपाळावर पसरला. शेवटी तेवढाच भाग शाम्पूने धुतला, पूर्ण वाळवला आणि पावडर घेतली. केस जरा जरी ओलसर राहिले तरी पावडरीचे गोळे होतात, त्यामुळे वाळवण्यात घाई केली नाही.

पावडर लावायचीही एक रीत आहे. ब्रशवर थोडीच घ्यायची, हातावर झटकायची आणि मुळांवर दाबत जायची. घासली की ती खाली टाळूवर उतरते. तिच्या भांगाच्या एका बाजूची पातळ बट उचलून मुळापासून दोन सेंटीमीटर पावडर दाबली, मग दुसऱ्या बाजूची. भांगाची मधली रेघ मुद्दाम मोकळी ठेवली, कारण भांगात थोडी टाळू दिसणं नैसर्गिकच असतं. शेवटी स्वच्छ ब्रशने सैल पावडर झटकली. पाच-सात मिनिटांत काम झालं.

कानशिलांना मात्र स्प्रेच बरा. तिथे घाम येतो, हात लागतो, आणि स्प्रे वाळला की पावडरीपेक्षा घट्ट धरतो. डबी नीट हलवायची, दहा ते पंधरा सेंटीमीटर लांब धरायची आणि क्षणभरच दाबायची. कपाळाच्या कडेला जाड कागद आडवा धरायचा. कडेचे बारीक केस असतील तर थेट मारूच नका. जुन्या टूथब्रशवर थोडा फवारा घ्या आणि त्याने केस विंचरा. डोळे मिटा, खिडकी उघडी ठेवा. यातला वायू पेट घेणारा असतो, म्हणून जवळ ज्योत किंवा सिगारेट नको. मिनिट-दोन मिनिटं वाळेपर्यंत हात लावू नका. केसांची रचना आधी करा, रंग नंतर. आणि मुळांना तेल किंवा सीरम लावलेलं असेल तर स्प्रे तिथे नीट धरत नाही.

छटा निवडताना दोन छटांमध्ये अडलात तर फिकी घ्या. फिक्यावर दुसरा हात देता येतो. गडद झालेलं धुतल्याशिवाय उतरत नाही, आणि कपाळाजवळचे केस बहुधा मागच्या केसांपेक्षा थोडे फिकेच असतात.

आता धुण्याचं. घामाने पावडर ओघळू शकते, आणि जोराच्या पावसात दोन्हीचा भरवसा नाही. रात्री न धुता झोपलात तर उशीला डाग पडतो. केस भरपूर भिजवा आणि बोटांच्या टोकांनी मुळांशी फेस करा. पहिला फेस तपकिरी येतो. पांढरा फेस येईपर्यंत धुवा, बहुधा दोन वेळा पुरतात. पुसायला गडद टॉवेल घ्या. कपाळावर राहिलेला रंग तेल लावलेल्या कापसाने निघतो.

एक अपवाद आहे. ब्लीच केलेल्या किंवा फार रुक्ष झालेल्या केसांची वरची खवलं उघडी असतात. त्यांत रंग अडकून दोन-तीन धुण्यांपर्यंत सावली राहू शकते. तुमचे केस तसे असतील तर आज रात्रीच आतल्या एका बटेवर लावून धुऊन बघा. आणि समारंभानंतर कायमचा रंग लावणार असाल, तर हा थर आधी पूर्ण धुऊन काढा, नाहीतर नवा रंग मुळांवर एकसारखा बसणार नाही.