आकड्यांत न दिसलेले फोन

ठिबक सिंचनाचे सुटे भाग विकणाऱ्या एका साइटचं टेस्टिंग माझ्याकडे आलं, तेव्हा सरांनी एका वाक्यात काम सांगितलं: "सगळीकडे चाललं पाहिजे." टेस्टर मी एकटी, हाताशी तीन फोन आणि एक लॅपटॉप, दर पंधरा दिवसांनी रिलीज. सगळीकडे म्हणजे नक्की कुठे, हे ठरवायला मी अ‍ॅनालिटिक्समधून मागच्या 90 दिवसांचा ब्राउझरवार अहवाल काढला.

ओळींची संख्या पाहूनच धडकी भरली, पण बऱ्याच ओळी एकाच गोष्टीच्या होत्या. आयफोनवरचं क्रोम वेगळं दिसतं, पण आपल्याकडे आयफोनवर कुठलाही ब्राउझर घ्या, आत सफारीचंच वेबकिट इंजिन असतं. पाटी क्रोमची, दुकान सफारीचं. ती ओळ सफारीत गेली. अँड्रॉइडवर क्रोम प्ले स्टोअरमधून आपोआप अपडेट होतो, त्यामुळे त्याच्या अलीकडच्या आवृत्त्या एकत्र धरल्या. सफारीचं मात्र तसं नाही. ती आयओएसबरोबरच येते, म्हणून आयफोनच्या जुन्या आवृत्त्या वेगळ्याच ठेवल्या.

मग टक्केवारीनुसार वरच्या चार ओळी घेऊन कशावर टेस्ट करायचं याचा तक्ता करणार, तेवढ्यात एक गोष्ट खटकली. आयओएस 12 वरच्या जुन्या आयफोनची ओळ शून्य होती. अगदी शून्य. ग्राहक शेतकरी आणि तालुक्याच्या गावातले दुकानदार; घरात फिरत फिरत आलेला जुना आयफोन एकाकडेही नसेल?

सर्व्हरच्या लॉगमध्ये शोधलं:

```
grep 'GET /order' access.log | grep -c 'iPhone OS 12_'
```

आकडा लहान होता, पण शून्य नव्हता. जुन्या ब्राउझरचं नाव लावून बॉटही फिरतात, म्हणून ज्यांनी पानासोबत फोटो आणि फॉन्टही मागवले होते तेवढेच धरले. त्यांच्या नोंदींत एकच नमुना दिसला: पान उतरलं, जावास्क्रिप्टची फाइल उतरली, आणि त्यानंतर `/api/cart` ला जायला हवी ती विनंती गेलीच नाही.

कारण आमच्याच कोडमध्ये होतं. आम्ही `?.` ही खूण जशीच्या तशी पाठवत होतो. ती आयफोनवरच्या सफारीला आयओएस 13.4 पासून आणि क्रोमला 80 पासून समजते. त्याआधीच्या ब्राउझरला ती व्याकरणाची चूक वाटते आणि तो अख्खी फाइलच टाकून देतो. अ‍ॅनालिटिक्सचा कोडही त्याच फाइलमध्ये होता. म्हणजे ज्यांचं पान मोडत होतं, तेच मोजले जात नव्हते, आणि मोजले जात नाहीत म्हणून आम्ही त्यांच्यावर टेस्टही करणार नव्हतो!

(लॉग वाचताना आणखी एकदा फसले. जो तो अँड्रॉइड 10 वापरतोय असं दिसत होतं. 2023 पासून क्रोम खरी आवृत्ती आणि मॉडेल लपवून सगळीकडे `Android 10; K` एवढंच लिहितो. त्या आकड्यावरून फोन विकत घेतला असता तर हसं झालं असतं.)

यानंतर नुसत्या भेटी न पाहता प्रत्येक ओळीत कार्ट भरलेल्यांपैकी किती जणांनी ऑर्डर पूर्ण केली ते पाहिलं. फेसबुकमधून लिंक उघडून आलेल्यांचा वाटा लहान होता, पण पैसे देण्याच्या पायरीवर ते जवळजवळ सगळेच गळत होते. स्वतः करून पाहिलं. फेसबुक लिंक स्वतःच्याच आतल्या खिडकीत उघडतं, आणि तिथे यूपीआयचं बटण दाबलं की `net::ERR_UNKNOWN_URL_SCHEME`. `upi://` ने सुरू होणाऱ्या पत्त्याचं काय करायचं हे त्या खिडकीला कळत नव्हतं. टक्केवारीने हा ब्राउझर तक्त्यात कधीच आला नसता.

शेवटी तक्ता सहा ओळींचा झाला. कमी रॅमच्या अँड्रॉइडवर क्रोम, नव्या आयफोनवर सफारी आणि विंडोजवर क्रोम या तिन्हींवर दर रिलीजला सगळं तपासायचं. सॅमसंगचा ब्राउझर महिन्यातून एकदा. त्याचं इंजिन क्रोमचंच, त्यामुळे फार वेगळं काही निघत नाही. फेसबुकच्या खिडकीत फक्त कार्टपासून पैसे देईपर्यंतचा रस्ता. आणि आयओएस 12 वर, भावाच्या कपाटातल्या आयफोन 6 वर, ऑर्डर जाते का एवढंच. दिसायला वाकडंतिकडं असलं तरी चालेल असं सरांकडून लिहून घेतलं.

डेव्हलपरने बिल्डचं लक्ष्य आयओएस 12 पर्यंत खाली आणलं आणि अ‍ॅनालिटिक्सची फाइल वेगळी केली. फेसबुकच्या खिडकीसाठी पैशांची लिंक एसएमएसने पाठवण्याचं बटण दिलं. पुढच्या तिमाहीच्या अहवालात जुन्या आयफोनच्या ओळीत पहिल्यांदा आकडा दिसला.

त्याच वेळी लॉगमध्ये `KAIOS` असलेल्या थोड्या नोंदी सापडल्या, म्हणजे जिओफोन. "आता हाही?" सरांनी विचारलं. त्याची ओळ मी घातली नाही. दुकानाचा फोन नंबर तेवढा जावास्क्रिप्टशिवाय दिसेल असा पानाच्या सगळ्यात वर टाकायला सांगितला.