एका 'व'ने संपलेली वॉरंटी परत चालू केली तेव्हा

दुबईत भाषांतराच्या एका छोट्या ऑफिसात लागून मला तेव्हा चारच महिने झाले होते, आणि हातात आला एसीच्या भांडणाचा दावा, अरबीतून इंग्रजीत करायचा. अर्ध्या पानाचा मजकूर आणि पूर्णविराम एकच, तोही शेवटी. मधे सगळं 'व', 'व', 'व'.

ज्यांना अरबी माहीत नाही त्यांच्यासाठी, 'व' म्हणजे ढोबळमानाने आपलं 'आणि'. पण तो सुटा लिहीत नाहीत, पुढच्या शब्दाला चिकटून येतो, त्यामुळे मोजायला गेलं तरी फसगत होते. मी पेन्सिल घेऊन सगळ्या 'व'ना गोल करत सुटले आणि 'वसल' (पोचला) मधल्या 'व'लाही गोल करून बसले, जो मुळात त्या शब्दाचाच आहे 😅

दाव्यातला मधला तुकडा साधारण असा होता: वादीने प्रतिवादी कंपनीकडून एसी घेतला व एसी बंद पडला व तो अजून वॉरंटीत व वादीने तिला कळवलं व तिने उत्तर दिलं नाही व त्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून घेतला.

मी काय केलं, जिथे 'व' दिसला तिथे पूर्णविराम ठोकला. छोटी छोटी सुटसुटीत वाक्यं झाली, मला वाटलं मस्त जमलं. आमचे सिनियर, सुदानचे, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, त्यांनी वाचून एवढंच विचारलं, "एसी आज वॉरंटीत आहे?" मी म्हटलं नाही, दोन वर्षांपूर्वीचं प्रकरण आहे. "मग तू 'इज स्टिल' का लिहिलंयस?"

तिथे डोक्यात उजेड पडला. 'व हुव मा ज़ाल' म्हणजे 'व तो अजून' मधला 'व' जोडणारा नाहीच, त्याला वाव अल-हाल म्हणतात, म्हणजे मुख्य गोष्ट घडत असताना परिस्थिती काय होती ते सांगणारा. त्याचा काळ आधीच्या क्रियापदावरून ठरतो. म्हणजे मराठीत सरळ 'वॉरंटीत असतानाच बंद पडला'. अख्खा दावा याच 'असतानाच'वर उभा होता आणि मी तो तोडून वेगळं वाक्य केलं, वर वर्तमानकाळात. ओळखायची खूण म्हणजे 'व'नंतर सर्वनाम किंवा नाम येऊन वाक्य सुरू होतं, किंवा 'व कद' असं येऊन भूतकाळी क्रियापद येतं. दर वेळी तो वाव अल-हालच असतो असं नाही, पण तिथे थांबून बघायचंच. असा 'व' पूर्णविरामाने तोडायचा नाही, इंग्रजीत 'व्हाइल' लावून आधीच्या वाक्यातच ठेवायचा.

तेव्हापासून माझी एक सवय झाली, आधी मनात मराठीत बोलून बघते. आपण 'आणि'ची माळ लावतच नाही ना, 'कळवून', 'असताना', 'तरी', 'म्हणून' असं आपोआप तोंडात येतं आणि कुठला 'व' काय काम करतोय ते दिसतं. 'कळवलं व तिने उत्तर दिलं नाही' हे मराठीत 'कळवलं तरी उत्तर नाही' असं येतं, म्हणजे इंग्रजीत 'बट'.

पण इथेच दुसरी चूक झाली. शेवटचा 'व त्याने दुरुस्त करून घेतला' मराठीत 'म्हणून करून घेतला' असा आला आणि मी 'सो' लिहिलं. उस्तादांनी तो खोडून 'देन' केला. त्यांचं म्हणणं, वकिलाला 'म्हणून' म्हणायचं असतं तर त्याने 'व'ऐवजी 'फ' लावला असता, 'फ'मधे क्रम आणि बऱ्याचदा परिणाम असतो. कंपनी गप्प बसली म्हणूनच त्याला खर्च करावा लागला का, हे कोर्ट ठरवणार, भाषांतर करणारीने आधीच ठरवून मोकळं व्हायचं नाही. मी थोडा वाद घातला, कारण वाचणाऱ्याला तेच कळतं ना शेवटी! पण ते बरोबर होते. 'बट' चालतो कारण विरोध त्या दोन घटनांतच दिसतो, कारण मात्र दिसत नाही, ते आपण घालतो.

अजून एक भानगड कर्त्याची. अरबीत क्रियापदावरूनच कळतं की उत्तर न देणारी 'ती' आहे, म्हणजे कंपनी, कारण कंपनी स्त्रीलिंगी, आणि दुरुस्त करणारा 'तो', म्हणजे वादी. इंग्रजी क्रियापदात हे काहीच दिसत नाही, त्यामुळे वाक्य तोडलं की प्रत्येक वेळी 'क्लेमंट', 'डिफेंडंट' नाव घेऊन लिहावं लागतं. रटाळ वाटतं, पण कोर्टाच्या कागदात चालतं.

शेवटी त्या तुकड्याची तीन वाक्यं झाली: घेतला, वॉरंटीत असताना बंद पडला, कळवलं पण उत्तर नाही आणि मग वादीने स्वखर्चाने दुरुस्त करून घेतला. सहा तुकड्यांची तीन. त्यातला एक 'अँड' मी मुद्दाम ठेवला, उस्तादांनी तो खोडला नाही.